बुशचं कार्ड सहा दिवस कुठे होतं? मकरपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यातलं कानबान

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचा अडतीस माणसांचा कारखाना आहे. तेल ओढणारे गिअर पंप आम्ही बनवतो. पंपाची बॉडी राजकोटहून कास्टिंग म्हणून येते. गिअर आणि शाफ्ट आमच्याकडेच होतात. बुश, ऑइल सील, बोल्ट, पिना, गॅस्केट बाहेरून येतात. असेंब्लीची तीन टेबलं आहेत आणि मधल्या मापाचा पंप सर्वांत जास्त जातो, दिवसाला साधारण तीस. उत्पादनाचं नियोजन माझ्याकडे आहे.

मी इथे लिहितोय ते एकाच नगाबद्दल, मधल्या पंपाच्या गनमेटलच्या बुशबद्दल. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती पोकळ कडी. कानबान, म्हणजे कार्ड सुटलं तरच माल मागवायची पद्धत, आम्ही बारा नगांना लावली. बाकी अकरा नगांनी फारसा त्रास दिला नाही, पण या बुशने आमचं गणित दोन आठवड्यांत खोटं पाडलं. ते खोटं का पडलं हे शोधताना कार्डांची ही पद्धत मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजली.

आधीची स्थिती अशी होती. स्टोअरमध्ये रजिस्टर होतं. माल कमी झालाय असं दादांच्या, म्हणजे आमच्या स्टोअरकीपरच्या लक्षात आलं की ते मला सांगायचे, मी खरेदीला सांगायचो, आणि बुश बनवून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याला फोन जायचा. बुश संपल्यावर एकदा खूप बोलणी खाल्ली होती, म्हणून दादा नेहमी भरपूर मागवून ठेवत. मी एका शनिवारी बसून मोजले तेव्हा मधल्या मापाचे २६०० बुश निघाले. एका पंपाला चार बुश लागतात, म्हणजे दिवसाला १२०. एकवीस दिवसांहून जास्त पुरेल एवढा माल पडून होता. आणि त्याच आठवड्यात लहान मापाचा एकही बुश नव्हता म्हणून लहान पंपाचं टेबल दीड दिवस बंद होतं. जॉबवर्कवाल्याचं एकच सीएनसी मशीन आमच्या कामाला असतं. ते आम्हाला नको असलेले मधले बुश काढण्यात गुंतलं होतं, म्हणून हवे असलेले लहान बुश अडकले होते. जास्तीचा माल आणि तुटवडा या दोन वेगळ्या तक्रारी नसतात, हे तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं.

कानबान हा जपानी शब्द, अर्थ पाटी किंवा फलक. टोयोटात ताइइची ओनो यांनी अमेरिकन सुपरमार्केटवरून ही कल्पना घेतली आणि १९५३ च्या सुमारास आपल्या मशीन शॉपमध्ये ती लावली. गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच दुकानदाराने पुन्हा भरायचं. आमच्याकडे त्याचं रूप साधं होतं. एका निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये मोजून ६० बुश आणि प्रत्येक क्रेटला एक कार्ड. क्रेट वापरली की कार्ड सुटतं, सुटलेलं कार्ड जॉबवर्कवाल्याकडे जातं आणि ६० बुशांबरोबर परत येतं. कार्ड नसेल तर एकही बुश बनवायचा नाही. म्हणजे कारखान्यात आणि वाटेत मिळून जास्तीत जास्त किती बुश असतील ते कार्डांच्या संख्येने ठरतं. रजिस्टरने किंवा कोणाच्या भीतीने ठरत नाही.

कार्डावर काय असावं यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. असेंब्लीवरची दोन मुलं बिहारची आहेत, त्यांना हिंदी वाचता येतं. तिसरा मुलगा पादऱ्याचा, तो गुजराती वाचतो. फोरमन आणि दादा आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहिलेले मराठी. शेवटी कार्डावर बुशचा फोटो मोठा ठेवला, नाव हिंदीत आणि गुजरातीत, नग क्रमांक, क्रेटमधली संख्या, कुठून येणार, रॅकचा कप्पा कोणता, आणि कोपऱ्यात कार्डाचा स्वतःचा क्रमांक, जसं आठपैकी तीन. मधल्या मापाला पिवळं कार्ड, लहान मापाला हिरवं. तो आठपैकी तीन हा क्रमांक सुरुवातीला मला निरर्थक वाटला होता. पुढे सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडला.

किती कार्डं लागतील याचं सूत्र कुठल्याही प्रशिक्षणात सांगतात तेच आहे:

```
कार्डं = (रोजचा खप × परत भरायला लागणारे दिवस × १.२) ÷ क्रेटमधले नग
```

रोजचा खप १२०. १.२ हा आकडा हवेतून घेतला नव्हता. मागच्या तीन महिन्यांत मधले पंप कधी २४ झाले, कधी ३६. तिसाच्या वर जास्तीत जास्त वीस टक्के, म्हणून १.२. राहिले परत भरायला लागणारे दिवस. मी जॉबवर्कवाल्या भाईंना विचारलं. त्यांचा गाळा आमच्यापासून दोन गल्ल्या पुढे आहे. ते म्हणाले, तीन दिवस. मी तीन लिहिले. १२० गुणिले ३ गुणिले १.२ म्हणजे ४३२, भागिले ६० म्हणजे ७.२. आठ कार्डं छापली.

एका सोमवारी सुरुवात केली. जुना माल आधी संपवायचा होता. रॅकवर आठ भरलेल्या क्रेट ठेवल्या, आणि बाहेर उरलेल्या बुशांतून दादा रिकाम्या क्रेट भरत राहिले. तोवर आधीचे बरेच बुश वापरले गेले होते आणि बाहेर साधारण ९०० उरले होते. साडेसात दिवस त्यांनीच भागलं आणि त्या काळात जॉबवर्कवाल्याकडे एकही कार्ड गेलं नाही. सगळं अगदी सुरळीत चाललं होतं. शेठ रोज सकाळी येऊन रॅक बघायचे आणि खूश व्हायचे. मीही खूश होतो. त्या साडेसात दिवसांत पद्धतीची परीक्षा झालीच नव्हती, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

नंतर कार्डं बाहेर जाऊ लागली. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी दुपारी फोरमन माझ्याकडे आले.

"साहेब, मधल्याचं टेबल उभं आहे."

"उभं म्हणजे?"

"बुश संपले. रॅकवर एकही क्रेट नाही. कार्डं मात्र सगळी गेलीयत."

मी जॉबवर्कवाल्याच्या गाळ्यावर गेलो. आमची चार कार्डं त्यांच्या मशीनला चिमट्याने लावलेली होती आणि काम चालू होतं. म्हणजे भाई आळस करत नव्हते. सोमवारी दुपारी घाईने १२० बुश आले तेव्हा टेबल पुन्हा सुरू झालं. एक दिवस गेला.

त्या रात्री मी हिशोब उलटा मांडला. आठ क्रेट म्हणजे ४८० बुश, म्हणजे चार दिवस. पहिलं कार्ड सुटल्यापासून चार दिवसांत पहिली भरलेली क्रेट परत यायला हवी होती, ती आली नाही. मग ते कार्ड इतके दिवस होतं कुठे? भाईंनी सांगितलेले तीन दिवस खोटे नव्हते. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. त्यांनी सांगितला तो त्यांच्या दारात कार्ड आल्यापासून माल तयार होईपर्यंतचा वेळ. सूत्राला हवा असतो तो कार्ड क्रेटवरून सुटल्यापासून तपासलेला माल रॅकवर येईपर्यंतचा वेळ. या दोन वेळांच्या मधे आमचाच कारखाना उभा होता.

उपाय म्हणून आधी कार्डांची संख्या वाढवून श्वास घ्यायला जागा केली, आणि त्याच वेळी मोजायला सुरुवात केली. प्रत्येक कार्डाच्या मागे एक छोटा तक्ता चिकटवला. सुटलेली कार्डं टाकायच्या पेटीत कार्ड पडलं, दादांनी उचललं, माल पाठवायचं चलन झालं, भाईंकडे पोहोचलं, मशीनला लागलं, माल उचलला, तपासणी झाली, रॅकवर गेलं. प्रत्येक ठिकाणी तारीख आणि वेळ. लिहायला कंटाळा येतो हे खरं आहे, आणि फोरमननी दोन-तीनदा तसं बोलूनही दाखवलं, पण हे तीन आठवडे केल्याशिवाय आम्हाला पुढचं काहीच दिसलं नसतं.

तीन आठवड्यांत जे दिसलं ते असं. सुटलेलं कार्ड आमच्या पेटीत सरासरी अर्धा दिवस पडून राहायचं, कारण दादा पेटी फक्त संध्याकाळी उघडायचे. मग ते अकाउंटच्या टेबलावर एक दिवस थांबायचं. गनमेटलचा रॉड आमचा असतो, भाई फक्त मजुरी घेतात. म्हणून प्रत्येक कार्डाबरोबर तेवढा रॉड आणि त्याचं जॉबवर्कचं चलन जायचं. चलन करणारी मुलगी त्या वेळी विक्रीची बिलंही करायची आणि बिलं आधी व्हायची. भाईंकडे गेल्यावर कार्ड आणखी दीड दिवस नुसतं लटकायचं, कारण बुशसाठी मशीनचं सेटिंग बदलायला जवळपास दोन तास लागत आणि चार कार्डं जमल्याशिवाय ते सेटिंग लावत नसत. आमचं एक कार्ड अर्ध्या दिवसात सुटतं, तेव्हा पहिल्या कार्डाला उरलेल्या तिघांची दीड दिवस वाट पाहावी लागायची. प्रत्यक्ष मशीनवरचा वेळ आणि त्यांच्या दुसऱ्या कामांची रांग धरून दीड दिवस. माल तयार झाल्यावर आमचा छोटा हाथी टेम्पो दुसऱ्या फेरीवरून मोकळा होईपर्यंत अर्धा दिवस. आणि शेवटी आमच्याच तपासणीच्या टेबलावर एक दिवस, कारण तिथे राजकोटच्या कास्टिंगचा ढीग आधी असायचा.

बेरीज सहा दिवस. यातला खरा मशीनवरचा वेळ दीड दिवसाच्या आतला.

सहा दिवस धरले तर १२० गुणिले ६ गुणिले १.२ भागिले ६०, म्हणजे १४.४. पंधरा कार्डं. आणि आम्ही फिरवत होतो आठ. म्हणून बुश संपलेच असते, फक्त जुन्या ९०० बुशांनी ते संपणं दीड आठवडा लांबवलं. आता कोणी मला कानबान सुरू करायचंय म्हणून विचारतो तेव्हा मी पहिल्यांदा हेच सांगतो. जुना माल वेगळ्या ठिकाणी बांधून ठेव, त्यातून क्रेट भरू नकोस, किंवा निदान पहिल्या दिवसापासून दोन-चार कार्डं बाहेर पाठवून फिरवायला लाग. नाहीतर फेरीला किती वेळ लागतो हे माल संपल्याच्या दिवशीच कळतं.

आणखी एक चूक सूत्राबाहेरची होती. आम्ही कार्ड केव्हा सोडत होतो? क्रेट रिकामी झाल्यावर. मुलांना तेच सहज वाटतं, रिकामी क्रेट उचलली की कार्ड पेटीत. पण ६० बुश अर्ध्या दिवसात जातात. म्हणजे कार्ड हवं त्यापेक्षा अर्धा दिवस उशिरा सुटत होतं, आणि आठपैकी एक कार्ड कायम उघड्या क्रेटवर अडकून पडत होतं. कामाची कार्डं सातच होती. सूत्र धरून चालतं की क्रेटमधला पहिला नग उचलतानाच कार्ड सुटतं. तो नियम आम्ही पंधरा कार्डांबरोबरच लावला. पहिला बुश हातात घेण्याआधी कार्ड पेटीत. सवय लागायला आठवडा गेला. पेटी आधी स्टोअरच्या दारावर होती, टेबलापासून पंचवीस पावलांवर. ती टेबलालाच लावली तेव्हा सवय लागली. तोवर मुलं कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून "नंतर टाकतो" म्हणायची.

पंधरा कार्डांनी तुटवडा थांबला. तिथेच थांबलो असतो तर चाललं असतं का? चाललं असतं. पण ९०० बुश कायम फिरत ठेवायचे म्हणजे आमच्या अकाउंटच्या टेबलाची, तपासणीच्या ढिगाची आणि गाडीच्या फेऱ्यांची किंमत गनमेटलमध्ये मोजायची. तक्त्यावर वाया जाणारे दिवस नावानिशी समोर होते, ते सोडून द्यायला मन तयार होईना.

सर्वांत सोपा दिवस चलनाचा निघाला. जीएसटीच्या नियमानुसार जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यायला हवा. तो प्रत्येक साठ बुशांमागे वेगवेगळा पाठवायला हवा असं कुठेही नाही. आमच्या सीएंना विचारलं आणि महिन्याचा रॉड एकदाच, एका चलनावर भाईंकडे ठेवायला सुरुवात केली. तयार बुश येतात त्यांच्या परतीच्या चलनावर, आणि महिन्याअखेर रॉड, बुश आणि तुकडा-भुसा यांचा मेळ घालतो. कार्ड आता अकाउंटच्या टेबलावर जातच नाही. गेला एक पूर्ण दिवस. आधी शेठना वाटलं, आपला एवढा रॉड दुसऱ्याच्या गाळ्यात ठेवायचा? मी त्यांना बुशांचे आकडे दाखवले. आधी २६०० बुश म्हणजे त्याच रॉडचं वजन, त्यावर मजुरीही दिलेली, आपल्याच स्टोअरमध्ये पडून होतं. ते ऐकून घेतलं त्यांनी.

पेटी आता दिवसातून दोनदा उघडते, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. त्याच वेळांना छोटा हाथी भाईंच्या गाळ्यावरून जातो, मग क्रेट भरलेली असो नसो. आधी गाडी बोलावली की जायची, आता ठरल्या वेळी जाते. हा बदल दादांनी सुचवला.

तपासणीचा दिवस कमी करताना मी थोडा घाबरलो होतो. बुशच्या भोकाचं माप महत्त्वाचं असतं. थोडं घट्ट राहिलं तर शाफ्ट गरम होतो, सैल राहिलं तर पंपाचा दाब पडतो. आधी आम्ही प्रत्येक बुश आमच्याकडे तपासायचो. आता भोकात घालताच माप बरोबर आहे की नाही ते सांगणारं एक गो-नोगो प्लग गेज भाईंना दिलंय, त्यांचा मुलगा मशीनवरून काढतानाच प्रत्येक बुशला लावून बघतो. आमच्याकडे क्रेटमधले पाच बुश तपासतो. पाचांत एक जरी नापास झाला तरी पूर्ण क्रेट लाल पट्टी बांधून कार्डासकट परत जाते आणि भाईंनी ती त्याच दिवशी बदलून द्यायची. हे कठोर वाटेल, पण यामागे कारण आहे. पहिल्या महिन्यात एका क्रेटमध्ये सात बुश घट्ट निघाले होते. तपासणीवाल्याने ते बाजूला काढले आणि उरलेली क्रेट तशीच रॅकवर लावली. कार्डाच्या हिशोबात ती क्रेट साठाची होती, खरी त्रेपन्नची. पुढची क्रेट वेळेआधी उघडली. असं दोन-तीन क्रेटमध्ये झालं की रॅक कारणाशिवाय रिकामा होताना दिसतो आणि लोक म्हणतात, कार्डं कमी पडतात. कार्डं कमी नसतात, कार्डावरचा साठ हा आकडा खोटा झालेला असतो.

भाईंच्या सेटिंगवर मी बराच वेळ बसलो. मशीनमध्ये बुश पकडणारे सॉफ्ट जॉ ते प्रत्येक वेळी नव्याने कापत होते, कारण मधे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाला तेच वापरायचे. आमच्या बुशसाठी वेगळा जोड ठेवला, त्यावर पिवळा रंग लावला. सेटिंग दोन तासांवरून दीड तासावर आलं. तेव्हा त्यांनी चारऐवजी तीन कार्डांवर काम लावायला मान्यता दिली. १८० बुश म्हणजे त्यांच्या मशीनचं एका पाळीचं काम. पहिल्या कार्डाचं थांबणं दीड दिवसावरून एका दिवसावर आलं.

नवी बेरीज अशी. पेटीत पाव दिवस, तीन कार्डं जमायला एक दिवस, मशीन दीड दिवस, गाडी अर्धा दिवस, तपासणी पाव दिवस. साडेतीन दिवस. सूत्र म्हणतं ८.४, म्हणजे नऊ कार्डं. पंधरावरून नऊवर आम्ही एकदम आलो नाही. दर सोमवारी एक कार्ड काढलं आणि तो आठवडा रॅक बघितला.

आता रॅक वाचता येतो. नऊ कार्डं आणि साडेतीन दिवसांची फेरी असेल तर तीन क्रेट यायच्या आधी रॅकवर दोन भरलेल्या क्रेट उरायला हव्यात, एक उघडी टेबलावर. आल्यावर पाच. दोन ते पाच यांच्यात रॅक हलत राहिला तर सगळं ठीक. एकच उरली तर कुठेतरी कार्ड थांबलंय, आणि दादा माझ्याकडे येत नाहीत, थेट कार्डं शोधायला जातात. तिथे आठपैकी तीनसारखा क्रमांक कामाला येतो. शनिवारी संध्याकाळी एक ते नऊ सगळी कार्डं कुठे आहेत ते बघायचं. रॅकवर पाच, भाईंकडे तीन, पेटीत एक. असं नऊ झालं की संपलं. एकदा सहा नंबरचं कार्ड सापडेना. दोन आठवड्यांपासून रॅक हळूहळू उतरत होता आणि टेबलाखाली एक रिकामी क्रेट कार्डाशिवाय पडली होती. ती क्रेटच पुरावा होती. कार्ड एका मुलाच्या खिशातून कपडे धुताना गेलं होतं. आता कार्डाला जाड लॅमिनेशन आहे, आणि कार्ड नसलेली रिकामी क्रेट दिसली की ती टेबलाखाली ठेवायची नाही, थेट फोरमनच्या टेबलावर.

लहान मापाच्या बुशला ही पद्धत तशीच लावायला गेलो तर चुकलं. लहान पंप दिवसाला सहा, म्हणजे २४ बुश. सूत्र म्हणतं १.७, म्हणजे दोन कार्डं. पण भाई तीन कार्डं जमल्याशिवाय सेटिंग लावत नाहीत, आणि दोन कार्डांतून तीन कधीच जमणार नाहीत. अशा नगाला प्रत्येक क्रेटचं कार्ड चालत नाही. तिथे एकच त्रिकोणी कार्ड ठेवलं, क्रेटच्या थप्पीत खालून दुसऱ्या क्रेटला बांधलेलं. वरच्या क्रेट संपून ती क्रेट समोर आली, म्हणजे १२० बुश उरले, की त्रिकोण सुटतो आणि भाई एकदम १८० बनवतात. त्रिकोण सुटल्यापासून माल यायला अडीच दिवस लागतात, त्यात ७२ बुशांपलीकडे खप जात नाही. १२० पुरेसे आहेत. जिथे सेटिंग मोठं आणि खप थोडा, तिथे सगळीकडे हेच करावं लागेल.

बोल्ट आणि गॅस्केटला कार्डांची गरजच पडली नाही. दोन डबे, पहिला संपला की दुसरा पुढे आणायचा आणि रिकामा डबा दुकानात. राजकोटच्या कास्टिंगला मात्र कानबान लावायचा प्रयत्नही केला नाही. फाउंड्री आपल्या भट्टीच्या वेळेने ओतते, गाडी भरली की पाठवते, महिना-महिना लागतो. तिथे महिन्याचं नियोजनच बरं. महिन्यातून तीन-चार जाणाऱ्या मोठ्या पंपाचे भागही कार्डांवर नाहीत. त्यांच्यासाठी कार्ड केलं तर ते महिनाभर रॅकवर पडून राहील आणि आपण त्याला पद्धत म्हणत राहू.

दिवाळीने या सगळ्याची एकदा परीक्षा घेतली. वडोदऱ्यात दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत गाळे बंद असतात. आमची असेंब्ली लाभपाचमेला सुरू होते, पण भाईंकडचे मशीनवाले बिहारचे, ते छठपूजा करून आठवड्याने परततात. त्या वेळी फेरी साडेतीन दिवसांची राहत नाही, आणि पिवळ्या कार्डांना ते कळत नाही. कार्डं फक्त कालपर्यंतचा खप ओळखतात. पुढची सुट्टी किंवा मोठी ऑर्डर ओळखणं माणसाचं काम. म्हणून दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी नारिंगी कार्डं काढली. पाच दिवस जास्तीचे, गुणिले १२०, म्हणजे ६०० बुश, दहा कार्डं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, एकदाच वापरा. नारिंगी क्रेट उघडली की कार्ड पेटीत टाकायचं नाही, फोरमनकडे द्यायचं, आणि फोरमनने ते त्याच क्षणी कापायचं. तरी दोन नारिंगी कार्डं गर्दीत पेटीत पडली आणि भाईंकडे पोहोचली. शनिवारच्या मोजणीत नऊऐवजी अकरा निघाली तेव्हा कळलं. न कळली असती तर १२० बुश कायमचे वाढले असते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोन.

मार्चमध्ये मी नववं कार्ड काढून पाहिलं. आठवर आठवडा चालला, पण रॅकवर दोनदा एकच क्रेट उरली, आणि ज्या दिवशी छत्तीस पंप गेले त्या दिवशी एकही उरली नाही, टेबलावरच्या उघड्या क्रेटवर काम ओढलं. नववं परत लावलं. आठवर यायचं असेल तर भाईंना दोन कार्डांवर काम लावावं लागेल, तेव्हा फेरी तीन दिवसांची होईल आणि सूत्र ७.२ देईल. त्यासाठी त्यांचं सेटिंग अर्ध्या तासाच्या खाली यायला हवं. गेल्या आठवड्यात ते पंचावन्न मिनिटांवर आलंय. टूलांची मापं, म्हणजे टूल ऑफसेट, प्रत्येक वेळी नव्याने घ्यावे लागतात, त्यात सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून आमच्या बुशची टूलं मशीनच्या टूलं धरणाऱ्या टरेटवर त्याच जागी कायम ठेवता येतील का ते भाई आता बघताहेत.